रात्रीचा एक थेंब: काचबिंदू, लॅटानोप्रोस्ट आणि चुकलेल्या रात्री

काचबिंदूचं निदान झालं की बहुतेकांच्या हातात जी पहिली बाटली पडते ती लॅटानोप्रोस्टची असते. जेमतेम अडीच मिलिलिटरची, करंगळीएवढी. रोज रात्री झोपताना एकेक थेंब टाका आणि तीन महिन्यांनी दाखवायला या, एवढं ऐकून पेशंट बाहेर पडतो. पहिल्या आठवड्यात डोळे थोडे लाल होतात. दोन-तीन महिन्यांनी मुलगी म्हणते, आई, तुझ्या पापण्यांचे केस किती लांब झालेत! एखादीला वाटतं, डोळ्यांचा रंगच बदललाय. नजर मात्र होती तशीच असते. सुधारत नाही, बिघडल्याचंही कळत नाही. म्हणजे या औषधाचं जे काही आरशात दिसतं ते सगळं नको असलेलं, आणि ज्यासाठी औषध घ्यायचं ते कुठेच दिसत नाही. मी डोळ्यांची डॉक्टर आहे. थेंब सुटण्यामागे आळस असतो असं घरचे म्हणतात, पण मला बहुतेक वेळा त्यामागे हे न दिसणंच आढळतं.

म्हणून आधी जे दिसत नाही त्याबद्दल.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. ते आतल्या आत तयार होतं आणि आतूनच रक्तात परत जातं. तयार होणं आणि निचरा होणं यांचा मेळ बसला की डोळ्याचा दाब, आपण सगळे ज्याला प्रेशर म्हणतो ते, साधारण १० ते २१च्या दरम्यान राहतं. निचऱ्याला अडथळा आला की ते वाढतं. वाढलेल्या दाबाचा मार बसतो तो डोळ्याच्या मागच्या बाजूला, मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर. या नसेत दहा-बारा लाख बारीक तंतू असतात. ते हळूहळू मरत जातात आणि मेलेला तंतू परत येत नाही. गंमत नव्हे, पण क्रूर गोष्ट अशी की हे होत असताना दुखत नाही. नजर कडेकडेने जाते, एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो आणि उरलेली मेंदू भरून काढतो. सरळ समोरचं वाचता येतं, टीव्ही दिसतो, म्हणून माणूस निर्धास्त असतो.

लॅटानोप्रोस्ट या पाण्याचा निचरा वाढवतं, आणि तेही नेहमीच्या वाटेने नाही. पाणी बाहेर जायला डोळ्यात दोन वाटा आहेत. मुख्य वाट म्हणजे बुबुळाच्या कडेला असलेली एक बारीक जाळी. दुसरी वाट ठळक नाही: बुबुळामागच्या स्नायूच्या धाग्यांमधून पाणी हळूहळू पाझरत जातं. धरणाचं पाणी सांडव्यातून जातं तसं थोडं बांधाच्या मातीतूनही झिरपतं, तसा हा प्रकार. लॅटानोप्रोस्ट सांडव्याला फारसा हात लावत नाही, ते झिरपणं वाढवतं. त्या स्नायूच्या धाग्यांमध्ये जो चिकट भराव असतो, तो विरघळवणारी एन्झाइम्स या औषधामुळे जास्त तयार होतात. भराव सैल झाला की पाण्याला जागा मिळते. ऊतींची अशी थोडी फेररचना होत असल्यामुळेच औषधाचा पूर्ण जोर दिसायला काही आठवडे जातात आणि बंद केल्यावर तो पूर्ण उतरायलाही साधारण चार आठवडे लागतात. हा जोर कसा चढतो आणि कसा उतरतो याकडे पुढे परत यावं लागणार आहे, कारण फसगत तिथेच होते.

हे औषध १९९६ साली बाजारात आलं. त्याआधी काचबिंदूचे बहुतेक थेंब दिवसातून दोनदा, काही तर चार वेळा टाकावे लागत. लॅटानोप्रोस्टचा एक थेंब दिवसभर पुरतो आणि प्रेशर साधारण पाव ते एक तृतीयांश कमी करतो. म्हणजे २७ असलं तर १८-२०च्या आसपास येतं. नुसतं प्रेशर कमी होतं की नजरही वाचते, हा प्रश्न बराच काळ होता. ब्रिटनमध्ये पाचशेहून अधिक पेशंट घेऊन त्याची नीट चाचणी झाली. अर्ध्यांना लॅटानोप्रोस्ट, अर्ध्यांना औषध नसलेले तसेच दिसणारे थेंब. २०१५ साली निकाल आला. दोन वर्षांत साध्या थेंबांच्या गटात शंभरातल्या सुमारे २६ जणांची नजर आणखी बिघडली होती, लॅटानोप्रोस्टच्या गटात १५ जणांची. औषध घेऊनही १५ जणांची बिघडली, हे मी पेशंटना मुद्दाम सांगते. थेंब हा रोग थांबवण्याची हमी नाही, तो रोगाचा वेग कमी करतो. म्हणूनच त्यात आपल्या बाजूने खंड पडला तर उरलेला फायदाही हातचा जातो.

आता रात्रीच का? थेंब डोळ्यात पडल्यावर तीन-चार तासांत प्रेशर उतरायला लागतं आणि आठ ते बारा तासांनी सगळ्यात खाली जातं. रात्री दहाला टाकला तर हा सगळ्यात जोराचा काळ पहाटे सहा ते सकाळी दहाच्या दरम्यान येतो. बऱ्याच लोकांचं प्रेशर नेमकं पहाटे आणि सकाळी जास्त असतं. शिवाय आडवं झोपलं की प्रेशर बसल्यापेक्षा वाढतं, तेही या थेंबाने आटोक्यात राहतं. टिमोलॉलसारखी जुनी औषधं पाणी तयार होणं कमी करतात, पण झोपेत पाणी मुळातच कमी तयार होत असल्यामुळे रात्री त्यांचा जोर फारसा चालत नाही. लॅटानोप्रोस्ट निचऱ्यावर काम करतं, त्यामुळे त्याला रात्र आड येत नाही. एक साधं कारणही आहे: थेंबानंतर येणारी लाली आणि किंचित चुरचुर झोपेत निघून जाते.

पण ही कारणं चांगली असली तरी दगडावरची रेघ नाहीत. दररोज एकाच वेळी थेंब पडणं हे रात्री दहा वाजण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. कित्येक जण जेवून टीव्हीसमोर बसतात आणि खुर्चीतच डोळा लागतो. मग बारा वाजता उठून अंधारात अंथरुणावर जातात आणि थेंब राहून जातो. अशांनी तो आठच्या जेवणाला जोडावा. रात्रपाळी करणाऱ्याने, किंवा ज्याला थेंब टाकून देणारी व्यक्ती सकाळीच घरी असते त्याने, डॉक्टरांना सांगून सकाळची वेळ ठरवली तरी चालते. काही जण दिवसातून दोनदा टाकू पाहतात, जास्त फायदा होईल म्हणून. तसं करू नका. लॅटानोप्रोस्टचं वैशिष्ट्य असं की दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा टाकलं तर प्रेशर उतरण्याचा परिणाम उलट कमी होतो.

आता एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण घटनाक्रम अगदी नेहमी दिसणारा आहे. बाई कोकणातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, चौसष्ट वर्षांच्या. गोऱ्या, घाऱ्या डोळ्यांच्या. चष्म्याचा नंबर काढायला आल्या आणि काचबिंदू सापडला. उजव्या डोळ्याचं प्रेशर २७, डाव्याचं २४. उजव्याची नस थोडी झिजलेली. दोन्ही डोळ्यांत लॅटानोप्रोस्ट सुरू केलं. तीन महिन्यांनी उजवा १८, डावा १७. बाई खूश, मीही.

सातव्या महिन्यात त्यांना आरशात काहीतरी वेगळं दिसलं. पापण्यांचे केस लांब आणि काळे झाले होते, काही चष्म्याच्या काचेला लागत होते. ते एक वेळ चालण्यासारखं होतं. पण घाऱ्या बुबुळात बाहुलीभोवती तपकिरी रंग पसरत चालला होता. शेजारणीने विचारलं, लेन्स लावलीस का? बाई घाबरल्या. औषध डोळ्यात आत काहीतरी जाळतंय असं त्यांना वाटलं. आम्हाला विचारण्याऐवजी त्यांनी थेंब कमी केले. मनात विचार असा की नजर तर व्यवस्थित आहे, प्रेशरही उतरलंय. मग तपासणीची तारीख जवळ आली की चार-पाच रात्री थेंब नियमाने टाकायचे.

त्यांना जे दिसलं ते नेमकं काय होतं हे आधी सांगायला हवं, कारण हे आधीच नीट सांगितलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

केसांचं आधी. पापणीचा प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो, मग गळतो आणि नवा येतो. लॅटानोप्रोस्टमुळे वाढीचा काळ लांबतो. म्हणून केस लांब, जाड, काळे होतात, संख्येनेही थोडे वाढतात, आणि पापणीवरची बारीक लव गडद दिसायला लागते. औषध बंद केलं की काही महिन्यांत सगळं हळूहळू पूर्ववत होतं. त्याच्यापासून धोका नाही. एकाच डोळ्यात थेंब चालू असतील तर दोन डोळ्यांत फरक उठून दिसतो, आणि पुरुषांना याचं अवघडलेपण जास्त वाटतं असं मी पाहिलं आहे. पण केवळ जोड जमवायला चांगल्या डोळ्यात थेंब टाकू नका. एखादा केस आत वळून टोचत असेल तर तो घरी उपटू नका, दाखवा. याच जातीच्या बिमॅटोप्रोस्ट नावाच्या औषधाला अमेरिकेत २००८ साली केस वाढवण्यासाठीच परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून घरातल्या तरुण मुली आईची काचबिंदूची बाटली पापण्यांना लावतात असे प्रकार घडतात. मुलींनो, हे करू नका. बुबुळाच्या रंगाबद्दल पुढे लिहिलं आहे ते वाचल्यावर कारण कळेल.

बुबुळाचा रंग मेलॅनिनमुळे येतो, त्वचेला आणि केसांना रंग देतं तेच हे द्रव्य. बुबुळात मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी असतात. लॅटानोप्रोस्टमुळे त्या पेशी जास्त मेलॅनिन बनवतात. पेशींची संख्या वाढत नाही, त्यांच्यातला रंग वाढतो. त्यामुळे ही गाठ नाही, कॅन्सरची सुरुवात नाही. बुबुळावर आधीपासून असलेला तीळ किंवा डाग यांच्यावर औषधाचा परिणाम होत नाही. बदल सहसा बाहुलीभोवतीच्या तपकिरी भागापासून बाहेरच्या कडेकडे पसरतो, बहुतेक वेळा पहिल्या आठ-दहा महिन्यांत सुरू होतो. डोळा नुसता निळा किंवा नुसता तपकिरी असेल तर हे क्वचितच होतं. मिश्र रंगाच्या डोळ्यांत, म्हणजे हिरवट-तपकिरी, पिवळसर-तपकिरी, करड्या-तपकिरी डोळ्यांत ते जास्त होतं.

म्हणूनच महाराष्ट्रात याबद्दल बोलताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपल्याकडे बहुतेकांचे डोळे गडद तपकिरी, त्यामुळे रंग वाढला तरी कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि डॉक्टरही सांगायचं विसरतात. पण घारे डोळे आपल्याकडे आहेत, कोकणात आणि कोकणातून इतरत्र गेलेल्या घरांत तर भरपूर आहेत. घारे डोळे म्हणजे नेमके हेच मिश्र रंग. अशा पेशंटला पहिल्याच दिवशी सांगायला हवं की तुमच्या बुबुळाचा रंग गडद होऊ शकतो, आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला हवी: तो रंग परत जात नाही. औषध थांबवलं की आणखी गडद होणं थांबतं, पण जो झाला तो राहतो. त्याने नजरेला काही होत नाही, पण डोळ्यांचा रंग हा माणसाच्या ओळखीचा भाग असतो, आणि तो बदलायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क त्या माणसाचा आहे. एकाच डोळ्यात औषध द्यायचं असेल तर हा प्रश्न अधिकच मोठा, कारण मग दोन डोळे दोन रंगांचे दिसतात. थेंब सुरू करण्याआधी दिवसाच्या उजेडात डोळ्यांचा जवळून एक फोटो काढून ठेवावा. नंतर बदल खरंच झाला की नुसता भास, हे त्यावरून सांगता येतं.

आरशात दिसणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. पापणीची त्वचा सावळी पडते, ती औषध थांबवल्यावर बहुतेक वेळा उजळते. आणि काही जणांच्या वरच्या पापणीच्या मागची चरबी कमी होऊन डोळे खोल गेल्यासारखे दिसतात. हे बिमॅटोप्रोस्टने जास्त होतं, लॅटानोप्रोस्टने कमी. त्वचेचा काळेपणा आणि इकडेतिकडे वाढणारी लव यांचं एक मोठं कारण म्हणजे डोळ्याबाहेर सांडलेलं औषध, आणि ते बरंचसं टाळता येतं.

आता परत बाईंकडे. वर्षाच्या तपासणीला त्यांचं प्रेशर उजवं १८, डावं १७. अगदी पूर्वीसारखं. पण फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे कडेची नजर मोजणाऱ्या तपासणीत, उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या भागात नवा डाग आला होता. डॉक्टरला इथे एकच सरळ अर्थ दिसतो: १८ हे प्रेशर या नसेला झेपत नाहीये, आणखी खाली आणायला हवं. म्हणून दुसरं औषध जोडायचं. मी टिमोलॉल लिहायला घेतलं होतं. लिहिण्याआधी सवयीने विचारलं, बाटली आणलीय का बरोबर? बाईंनी पर्समधून काढली. बाटली उघडल्याची तारीख त्यांनी शाळेतल्या सवयीने डॉक्टरी टेपवर लिहून चिकटवली होती. अडीच महिन्यांपूर्वीची. आणि बाटलीत अजून औषध होतं.

हे गणित कुणालाही घरी करता येतं. अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब निघतात. दोन्ही डोळ्यांत रोज एकेक म्हणजे रात्रीला दोन. एकही न सांडता ४० रात्री. प्रत्यक्षात थोडे गालावर जातात, म्हणून महिना-सव्वा महिन्यात बाटली संपायला हवी. वर्षाला दहा-अकरा बाटल्या. बाईंनी मेडिकलमधून वर्षभरात किती नेल्या होत्या? सात. शिवाय उघडलेली बाटली सहा आठवड्यांनी टाकून द्यायची असते, म्हणजे अडीच महिने जुनी बाटली वापरण्याजोगी राहिलेलीच नव्हती.

मी त्यांना म्हटलं, बाई, रागावणार नाही, पण खरं सांगा. त्यांनी सांगितलं. मग आम्ही एक केलं: नवी औषधं जोडली नाहीत. त्यांनी आत्तापर्यंत जसं चालवलं तसंच तीन आठवडे चालवावं आणि मग अचानक एका दिवशी, आधीचे चार-पाच थेंब न टाकता, यावं. त्या दिवशी उजवं प्रेशर २५, डावं २३. म्हणजे कागदावर जे १८ दिसत होतं ते फक्त तपासणीच्या दिवसाचं होतं. उरलेले दिवस नस जवळजवळ जुन्याच दाबाखाली होती.

हे कसं होतं? थेंबाचा बराचसा परिणाम पहिल्या काही दिवसांतच येतो. म्हणून चार-पाच रात्री नीट टाकले की तपासणीच्या टेबलावर प्रेशर छान दिसतं. मशीन त्या एका क्षणाचं माप घेतं, मागच्या दोन महिन्यांचं नाही. आपण शाळेत परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करून पास व्हायचो, तो मार्ग इथे पेशंटच्या नजरेवर उलटतो, कारण पास होणारा पेशंट असतो आणि नापास होतो तो आपलाच डोळा. डॉक्टरचीही फसगत होते: तो दुसरं, तिसरं औषध जोडतो, खर्च वाढतो, डोळ्यांची जळजळ वाढते, आणि टिमोलॉल दम्याच्या माणसाला धोकादायक ठरू शकतं. कधी कधी गरज नसताना ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाते.

आपण किती थेंब टाकतो याचा अंदाजही माणसाचा चुकतो, आणि त्यात लबाडी नसते. १९८६ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. पिलोकार्पिन या जुन्या औषधाच्या बाटलीत, पेशंटना न कळता, उघडल्याची नोंद करणारं यंत्र बसवलं होतं. पेशंट सांगत होते की ९७ टक्के थेंब टाकले. यंत्र सांगत होतं ७६ टक्के. तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र जवळपास सगळ्यांचे थेंब वेळेवर पडत होते. म्हणून मी आता पेशंटना "थेंब घेता ना?" असं विचारत नाही. त्याचं उत्तर "हो" असंच येतं. "गेल्या आठवड्यात किती रात्री राहून गेल्या?" असं विचारलं की लोक मोकळेपणाने सांगतात.

एखादी रात्र चुकली तर काय? घाबरू नका. लॅटानोप्रोस्टचा परिणाम चोवीस तासांनी एकदम संपत नाही, तो हळू ओसरतो. रात्रीचा राहिला आणि सकाळी आठवलं तर पुढच्या रात्रीच्या ठरल्या वेळी एकच थेंब टाका. भरपाई म्हणून दोन टाकू नका. वर सांगितलं तसं, त्याने फायदा उलट कमी होतो. काळजी करायची ती एका रात्रीची नाही, आठवड्यातून दोन-तीन रात्री चुकण्याची, किंवा बाटली संपल्यावर नवी आणायला आठ-दहा दिवस लावण्याची. प्रेशर वर जातं, थोडं खाली येतं, परत वर जातं, आणि यातलं काहीही जाणवत नाही. स्वीडनमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की प्रेशर जितकं खाली ठेवता येईल, त्यातल्या प्रत्येक एका अंकामागे रोग वाढण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो. बाईंच्या उजव्या डोळ्यात दररोजच्या थेंबाने नऊ अंकांचा फरक पडत होता. तो त्या बहुतेक रात्री मिळत नव्हता.

थेंब टाकूनही प्रेशर उतरत नसेल तर दर वेळी चुकलेल्या रात्रीच कारण असतात असं नाही. कित्येकदा थेंब डोळ्यात पडतच नाही. मी पेशंटला माझ्यासमोर थेंब टाकून दाखवायला सांगते, आणि निम्मी उत्तरं तिथेच मिळतात. थेंब गालावर, नाकावर, पापणीच्या केसांवर. हात धुवा, आडवे व्हा किंवा डोकं मागे टेकवा, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा, बाटलीचं टोक कशालाही न लावता एकच थेंब त्या खिशात सोडा. डोळा हलकेच मिटा, उघडझाप करू नका, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा म्हणजे औषध नाकात उतरत नाही. बाहेर आलेलं ओल्या कापसाने पुसून घ्या; पापणी काळी पडणं आणि लव वाढणं बरंचसं यानेच कमी होतं. दुसरा थेंब "खात्रीसाठी" टाकण्याची गरज नाही. डोळ्यात एका थेंबाएवढीसुद्धा पूर्ण जागा नसते, जास्तीचं फक्त बाहेर वाहतं. हात थरथरत असतील किंवा पडला की नाही ते कळत नसेल तर बाटली फ्रिजमधून काढून लगेच वापरा: गार थेंब डोळ्याला नक्की जाणवतो. दुसरं औषध चालू असेल तर दोघांत किमान पाच मिनिटांचं अंतर ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढून ठेवा आणि पंधरा मिनिटांनी घाला.

ठेवण्याबद्दलही थोडं. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, फ्रीझरमध्ये नाही. उघडल्यावर २५ अंशांखाली ठेवली तर बाहेर चालते, असं बहुतेक बाटल्यांवर लिहिलेलं असतं. पण विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत घरात २५ अंश कुठे मिळणार? तेव्हा उघडलेली बाटलीही फ्रिजच्या दारात ठेवावी आणि खोक्यातच ठेवावी, कारण या औषधाला उजेड सोसत नाही. काही कंपन्यांच्या बाटल्या फ्रिजशिवायही टिकतात, लेबल वाचून घ्या. मेडिकलमधून घेताना ती त्यांच्या फ्रिजमधूनच काढून दिली ना, हे पाहायला लाजू नका.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर अचानक धूसर झाली असेल तर थेंबांचा नेहमीचा त्रास समजून बसू नका, लगेच दाखवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये लेन्सच्या मागचा पातळ पडदा फाटलेला असेल, डोळ्याला पूर्वी हर्पिस विषाणूचा संसर्ग झालेला असेल किंवा आतून सूज येत असेल तर ते लॅटानोप्रोस्ट सुरू करण्याआधीच सांगा. गरोदर असाल तर तेही.

बाईंच्या बाबतीत पुढे काय झालं? त्यांना मी दोन पर्याय सांगितले. हेच औषध नियमाने चालू ठेवायचं आणि रंग बदलेल ते मान्य करायचं, किंवा रंग न बदलणारं औषध किंवा लेझर. त्यांनी एक रात्र विचार केला आणि थेंबच चालू ठेवले. म्हणाल्या, रंग तर आता बदललाच आहे, नजर तेवढी राहू दे. रात्री जेवल्यावर ताटं आवरायच्या आधी सून थेंब टाकते. त्यांचं प्रेशर पुढच्या तपासण्यांना, आणि न सांगता बोलावल्यावरही, १७-१८ राहिलं. टिमोलॉलची गरज पडली नाही. फील्डवरचा डाग मात्र तसाच आहे, तो भरून आला नाही.

दुसऱ्या पर्यायाबद्दल इथे सांगायला हवं, कारण तो फार कमी जणांना माहीत असतो. निचऱ्याच्या मुख्य जाळीवर एसएलटी नावाचं लेझर करता येतं. ते बाह्यरुग्ण विभागातच काही मिनिटांत होतं. २०१९ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांना सुरुवातीलाच हे लेझर दिलं त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनीही थेंबांची गरज पडलेली नव्हती. परिणाम कायमचा टिकत नाही, काही वर्षांनी परत करावं लागू शकतं, आणि काचबिंदूच्या प्रत्येक प्रकारात ते चालत नाही. पण ज्याला रोज थेंब जमणारच नाहीत, हात कापतात, एकटं राहतात, दर महिन्याची बाटली परवडत नाही, किंवा घारे डोळे घारेच राहावेत असं मनापासून वाटतं, त्याने हे डॉक्टरांना विचारावं. "माझ्याने रोज होत नाही" हे वाक्य ओपीडीत बोलायला संकोच करू नका. त्यावर करण्यासारखं आमच्याकडे काहीतरी असतं. बोलताना बाटली बरोबर असू द्या, आणि तिच्यावर उघडल्याची तारीख लिहिलेली असू द्या.